पाच साइट एकदम बंद पडल्या तर बिघाड नक्की कुठे आहे?

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. संध्याकाळचे पाच वाजत आले होते आणि मी घरूनच एका ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो. शेजारच्या खोलीतून भाच्याने आवाज दिला, "मामा, नेट गेलंय!" मी उत्तर देईपर्यंत पठ्ठ्याने राउटरचं बटण बंद करून परत चालू केलं, आणि मी मीटिंगमधून बाहेर फेकला गेलो. नेट गेलं नव्हतं, ते त्याने घालवलं.

दोन मिनिटांत नाशिकहून त्याच्या आईचा फोन. "दादा, कॅन्व्हा उघडत नाहीये. क्लासचं पत्रक आजच छापायला द्यायचंय. माझं अकाउंट बंद केलं असेल का रे?" भाच्याचं एक्स बंद पुण्यात, बहिणीचं कॅन्व्हा बंद नाशिकमध्ये. दोघांचं नेट वेगळ्या कंपन्यांचं, साइट वेगळ्या, आणि त्या साइटचे मालकही एकमेकांना ओळखत नसतील. तरी दोघांच्या स्क्रीनवर एकाच तिसऱ्या कंपनीचं नाव.

त्या दिवशी क्लाउडफ्लेअर ही कंपनी अडखळली होती. अशा वेळी बिघाड कुठे आहे हे पाच-दहा मिनिटांत कसं शोधायचं, हे खाली लिहितो. तांत्रिक पार्श्वभूमी नसली तरी पहिल्या तीन पायऱ्या जमतील. चौथीला काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप करावी लागते, तेवढंच.

आधी हा मधला माणूस कोण ते समजून घ्या

एखाद्या सकाळी दारात पेपर आला नाही. तुमच्याकडे 'सकाळ' येतो, समोरच्यांकडे 'लोकसत्ता', वरच्या मजल्यावर 'टाइम्स'. तिघांकडेही पेपर नाही. तीन छापखाने एकाच रात्री बंद पडले, असं कोणी म्हणत नाही. आपण सरळ म्हणतो, "पेपरवाला आला नाही वाटतं."

इंटरनेटवर पेपरवाल्याचं काम करणाऱ्या सेवेला सीडीएन म्हणतात. साइटचा मूळ सर्व्हर कुठेतरी अमेरिकेत किंवा सिंगापूरला असतो. प्रत्येक वाचकाला तिथून पान पाठवायचं तर वेळ लागतो आणि सर्व्हरवर ताण येतो. म्हणून साइटवाले जगभर सर्व्हर असलेल्या कंपनीशी करार करतात. ती कंपनी पानांच्या, चित्रांच्या प्रती मुंबई, दिल्ली, चेन्नईसारख्या शहरांत ठेवते आणि तुम्हाला जवळच्या सर्व्हरवरून देते. शिवाय दारावर उभी राहून हल्लेखोर आणि आपोआप फिरणारे बॉट प्रोग्राम अडवते. क्लाउडफ्लेअर, फास्टली, अकामाई आणि ॲमेझॉनची क्लाउडफ्रंट ही यातली मोठी नावं.

मेख इथेच आहे. साइटचा पत्ता टाकल्यावर तुम्ही साइटच्या सर्व्हरशी बोलतच नाही, या मधल्याशी बोलता. तो आजारी पडला की मूळ सर्व्हर ठणठणीत असूनही दुकान बंद दिसतं, आणि त्याच्या भरवशावर असलेली सगळीच दुकानं एका वेळी बंद दिसतात.

पायरी पहिली: पान बंद करू नका, ते वाचा

साइट उघडली नाही की बहुतेक जण ते पान न वाचताच पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारतात. सगळ्यात मोठा पुरावा त्याच पानावर असतो. ते पान लिहिलंय कोणी, एवढंच बघायचं.

ते तुमच्या ब्राउझरने लिहिलेलं असू शकतं. क्रोममध्ये `No internet` किंवा `This site can't be reached` असं येतं आणि खाली बारीक अक्षरांत `ERR_INTERNET_DISCONNECTED`, `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` किंवा `ERR_CONNECTION_TIMED_OUT` असं काहीतरी असतं. याचा अर्थ, ब्राउझरने हाक मारली पण पलीकडून कोणी ओ दिली नाही, किंवा पत्ताच सापडला नाही. इथे संशय आधी आपल्या घरच्या नेटवर घ्यायचा.

किंवा ते पान पलीकडच्या सर्व्हरने लिहून पाठवलेलं असतं. त्यावर `500`, `502`, `503` असा आकडा असतो. हा आकडा दिसला की एक गोष्ट सिद्ध झाली: तुमची हाक पोहोचली आणि उत्तरही परत आलं. उत्तर वाईट आहे, पण ते आलंय. म्हणजे वायफाय, राउटर, केबल, सगळं चालू आहे. राउटरला हात लावायचं कारण तिथेच संपलं. (हे भाच्याला मी आता तोंडपाठ करायला लावलंय.)

त्या संध्याकाळी बहिणीला मी पानाचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगितला. वर `Internal server error`, शेजारी `Error code 500`. खाली ओळीने तीन चित्रं. पहिलं ब्राउझरचं, त्याखाली हिरव्या अक्षरांत `Working`. मधलं ढगाचं, त्यावर लाल फुली, शहराचं नाव, `Cloudflare` आणि `Error`. तिसरं साइटच्या सर्व्हरचं, तिथे पुन्हा `Working`. तुम्ही ठीक, साइट ठीक, मधला पडलाय, असं ते पान स्वतःच सांगत होतं. कोणत्या चित्रावर फुली आहे, एवढंच बघायचं होतं.

भाच्याच्या स्क्रीनवर मात्र फसवी ओळ आली होती: `Please unblock challenges.cloudflare.com to proceed.` ही वाचून कोणालाही वाटेल की आपणच काहीतरी ब्लॉक केलंय. त्या दिवशी अनेकांनी जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन काढून टाकली, अँटिव्हायरस बंद केला. खरं तर 'तुम्ही माणूस आहात का' हे तपासणारा क्लाउडफ्लेअरचा भागच कोलमडला होता. तपासणी लोड झाली नाही की साइट समजते, वाचकानेच ती अडवली असेल. अशी ओळ एकाच साइटवर आली तर आपली एक्स्टेन्शन जरूर तपासा. पण दोन-तीन असंबंधित साइटवर, कालपर्यंत नसलेली ओळ आज अचानक आली, तर काहीही काढून टाकू नका.

पायरी दुसरी: नाव दिसलं म्हणून गुन्हेगार ठरवू नका

नवशिके हमखास इथे घसरतात. पानावर `Cloudflare` लिहिलंय, म्हणजे क्लाउडफ्लेअर डाउन, असं नसतं. पेपरवाला दारात येऊन "आज अंक छापलाच नाही" म्हणाला, तर निरोप त्याने आणला, चूक छापखान्याची.

क्लाउडफ्लेअरने अशा निरोपांसाठी वेगळे आकडे ठेवले आहेत. `521` म्हणजे मूळ सर्व्हरने जोडणी नाकारली. `522` म्हणजे सर्व्हरशी जोडणी होण्याची वाट पाहून तो थकला. `524` म्हणजे जोडणी झाली, पण उत्तर वेळेत आलं नाही. `525` आणि `526` म्हणजे त्या दोघांमधल्या सुरक्षा प्रमाणपत्राची भानगड. `520` पासूनची ही मालिका दिसली आणि फुली तिसऱ्या चित्रावर असेल, तर बहुधा त्या एका साइटचा सर्व्हर पडलाय. तिच्या मालकाला कळवा आणि मोकळे व्हा.

म्हणून आकडा एकटा पुरेसा नाही. एकमेकींशी संबंध नसलेल्या निदान तीन साइटवर, त्याच वेळी, त्याच मधल्याची सही असलेलं सारखंच पान हवं. बँक, बातम्या आणि खेळ असं त्रिकूट चांगलं. एकाच कंपनीच्या तीन साइट घेतल्या तर ती एकच साक्ष झाली.

पायरी तिसरी: तुलनेला योग्य साइट निवडा

"गूगल उघडतंय ना? मग नेट चालू आहे" हे लोक बरोबर म्हणतात, फक्त तिथेच थांबतात. तुलनेला अशी साइट हवी जी संशयित मधल्यावर अवलंबून नाही. गूगल स्वतःचं वितरण स्वतः सांभाळतं. विकिपीडियाचेही स्वतःचे कॅशे सर्व्हर आहेत. या दोन्ही झटपट उघडल्या आणि तुमच्या तीन संशयित साइट मात्र पडलेल्या दिसल्या, तर चित्र बरंच स्पष्ट झालं.

एक काळजी घ्या. आधी पाहिलेलं पान ब्राउझर कधीकधी स्वतःच्या साठ्यातून दाखवतो, त्यामुळे पडलेली साइटही 'चालू' वाटते. तपासताना खासगी विंडो उघडा.

मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर त्याच तीन साइट बघा. वायफायवर बंद आणि डेटावर चालू असेल, तर दोष घरच्या नेटचा किंवा ते पुरवणाऱ्याचा. दोन्हीकडे सारखंच पान आलं, तर तुमच्या बाजूचा संशय जवळपास संपला. माझ्या बाबतीत हे काम आयतंच झालं होतं, कारण नाशिक आणि पुणे ही दोन वेगळी नेट होती.

पायरी चौथी: पाकिटावरचा शिक्का बघा

कधीकधी पानावर कोणाचंच नाव नसतं. नुसतं `503 Service Unavailable`, पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं. तेव्हा पाकीट उलटून शिक्का बघायचा. विंडोज १० किंवा ११ वर कमांड प्रॉम्प्ट, मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडा आणि `www.example.com` च्या जागी तुमच्या साइटचा पत्ता घालून हे टाइप करा:

```
curl -sI https://www.example.com
```

`-I` म्हणजे पान नको, फक्त वरची माहिती दे. पॉवरशेल वापरत असाल तर `curl` ऐवजी `curl.exe` लिहा. उत्तरात बऱ्याच ओळी येतील, आपल्याला दोन-तीनच हव्यात. क्लाउडफ्लेअर बिघडलेल्या दिवशी ते साधारण असं दिसतं:

```
HTTP/2 500
server: cloudflare
cf-ray: 9a0b1c2d3e4f5a6b-BOM
```

पहिल्या ओळीत आकडा, दुसरीत मधल्याचं नाव. तिसरी ओळ म्हणजे त्या एका विनंतीचा पावती क्रमांक, आणि शेवटची तीन अक्षरं म्हणजे विनंती कोणत्या शहरात पोहोचली ते. हे विमानतळांचे कोड आहेत: `BOM` मुंबई, `DEL` दिल्ली, `MAA` चेन्नई. पुण्यात बसून `SIN`, म्हणजे सिंगापूर दिसलं तरी दचकू नका, नेटचा मार्ग तसा असू शकतो.

फास्टली असेल तर `x-served-by: cache-` ने सुरू होणारी ओळ येते आणि तिच्याही शेवटी शहराचा कोड असतो. क्लाउडफ्रंट असेल तर `x-cache: Error from cloudfront` अशी ओळ येते, पण ती कबुली समजू नका, मूळ सर्व्हरने चूक पाठवली तरी तीच ओळ दिसते. `via` च्या ओळीत नुसतं `varnish` दिसलं, तर मात्र लगेच फास्टलीवर बोट ठेवू नका. वार्निश हे कोणालाही वापरता येणारं सॉफ्टवेअर आहे.

हा शिक्का साइट चालू असतानाही दिसतो, म्हणून सगळं सुरळीत असलेल्या दिवशीच तुमच्या कामाच्या पाच-सहा साइटवर ही आज्ञा चालवून कोण कोणाच्या भरवशावर आहे ते कागदावर लिहून ठेवा. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर असा कागद चिकटवलाय. गडबडीच्या वेळी शोधाशोध करण्यापेक्षा भिंतीकडे बघणं बरं.

त्या तीन अक्षरांचं महत्त्व

शहराचा कोड ही शोभेची माहिती नाही. २१ जून २०२२ ला क्लाउडफ्लेअरच्या नेटवर्कमध्ये मार्ग ठरवणाऱ्या नियमांत चुकीचा बदल झाला आणि १९ शहरांतली केंद्रं जगापासून तुटली. त्यात मुंबई होती. लंडन, सिंगापूर, टोकियोही होती. आपल्या घड्याळाने दुपारी बाराच्या सुमारास सुरू झालेला हा प्रकार सव्वा तासात आटोपला. कंपनीनेच नंतर सांगितलं की ही केंद्रं संख्येने नेटवर्कच्या फक्त चार टक्के, पण एकूण विनंत्यांपैकी निम्म्या त्यांच्यातून जातात.

अशा दिवशी मुंबईमार्गे जाणाऱ्याला साइट बंद आणि यादीत नसलेल्या शहरातून जाणाऱ्याला चालू दिसते. दोघंही खरं बोलत असतात, आणि "माझ्याकडे तर चालू आहे" वरून ग्रुपवर भांडणं होतात. तेव्हा दुसऱ्या शहरातल्या कोणाला तरी हीच आज्ञा चालवायला सांगा आणि शेवटची तीन अक्षरं ताडून बघा. शिक्का वेगळा आणि निकालही वेगळा, म्हणजे बिघाड ठरावीक केंद्रांचा. ऑफिसचं व्हीपीएन दुसऱ्या शहरातून बाहेर पडत असेल, तर त्यातून काम भागू शकतं. १८ नोव्हेंबरच्या बिघाडात मात्र व्हीपीएनचा उपयोग नव्हता. तेव्हा दोष शहराचा नव्हता, सगळीकडे वाटल्या गेलेल्या एका फाइलचा होता.

अर्धवट उघडणारं पान

हा प्रकार ओळखायला सगळ्यात अवघड. पान उघडतं, पण चित्रं नाहीत, रंग नाहीत, सगळी अक्षरं डाव्या कडेला ओळीने पडलेली, बटण दाबलं तर काही होत नाही. अशा वेळी साइटचं मुख्य पान स्वतःच्या सर्व्हरवरून आलेलं असतं, आणि चित्रं किंवा स्क्रिप्ट ज्या सीडीएनवर ठेवलीत तो पडलेला असतो. ८ जून २०२१ ला फास्टली बंद पडली तेव्हा ट्विटर चालू होतं, पण त्यावरच्या इमोजी गायब होत्या.

संगणकावर `F12` दाबा, `Network` वर क्लिक करा आणि पान पुन्हा लोड करा. यादीत लाल ओळी दिसतील. त्यांच्यापुढचा पत्ता वाचा. सगळ्या लाल ओळी एकाच परक्या पत्त्याच्या असतील, तर चोर सापडला. वेगवेगळ्या पत्त्यांच्या असतील, तर आधी आपलं नेट किंवा जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तपासा.

स्टेटस पान आणि डाउनडिटेक्टर: विश्वास ठेवा, पण उशिरा

इथवर आल्यावरच `cloudflarestatus.com` किंवा `fastlystatus.com` हे त्या कंपनीने स्वतःची स्थिती सांगण्यासाठी ठेवलेलं पान उघडा. आधी नाही, कारण ही पानं उशिरा बदलतात. २०२१ च्या घटनेत फास्टलीला एका मिनिटात गडबड कळली होती, पण स्टेटस पानावर पहिली ओळ यायला साधारण अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत पान हिरवंगार होतं. हिरवा रंग म्हणजे 'अजून कोणी लिहिलं नाही' असाही अर्थ होतो.

१८ नोव्हेंबरला तर कमालच झाली. क्लाउडफ्लेअरचं स्टेटस पान मुद्दाम त्यांच्या नेटवर्कबाहेर ठेवलेलं आहे, तरी नेमकं तेव्हाच तेही काही काळ उघडेना. तो निव्वळ योगायोग होता, पण त्यामुळे कंपनीच्या इंजिनिअरांनाही आपल्यावर मोठा हल्ला झालाय असं वाटलं. भरीस भर म्हणजे, कोणत्या साइट बंद आहेत हे सांगणारं डाउनडिटेक्टरही क्लाउडफ्लेअरच्याच मागे असल्याने अडकलं.

डाउनडिटेक्टर चालू असलं तरी ते जपून वाचावं. तिथले आलेख लोकांच्या तक्रारींवर बनतात. साइट उघडत नाही म्हटल्यावर माणूस आपल्या नेट कंपनीचीही तक्रार करतो. मग मोबाइल कंपन्यांचे आलेखही वर जातात आणि सगळं इंटरनेटच कोसळलंय असं वाटतं. तिथे सगळ्यात उंच आलेख न शोधता, कोणकोणते आलेख एकाच मिनिटाला उसळले ते बघा.

त्या संध्याकाळी आत काय झालं होतं

कारण कळलं की लक्षणं नीट लागतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. बॉट ओळखण्यासाठी क्लाउडफ्लेअर एक फाइल वापरतं, ती दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होऊन सगळ्या सर्व्हरवर जाते. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्यांत बदल केला गेला. त्यामुळे फाइल बनवणारी क्वेरी त्याच नोंदी दुबार देऊ लागली आणि फाइलमधल्या नोंदी दुपटीहून कितीतरी जास्त झाल्या. ती वाचणाऱ्या प्रोग्रामला २०० नोंदींची मर्यादा घातलेली होती. नेहमी साधारण ६० लागत, म्हणून २०० भरपूर वाटले असणार. मर्यादा ओलांडली आणि प्रोग्राम कोसळला. तोच रस्त्यात मध्ये बसलेला, त्यामुळे मागून येणारं सगळं `500`.

परवानग्यांचा बदल डेटाबेसच्या सगळ्या भागांत एकदम पोहोचला नव्हता. फाइल बदललेल्या भागातून बनली तर वाईट, नाहीतर चांगली. म्हणून सुरुवातीला साइट पाच मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद अशी लपाछपी करत होत्या. भाचा याच काळात ओरडला, "चालू झालं! मी राउटर बंद केला म्हणूनच!" तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा गप्प बसला. अशा वेळी तुम्ही केलेल्या कोणत्याही उपायाला श्रेय मिळतं, हे विसरू नका. काही सुरू झालं तर लगेच आणखी दोन संशयित साइट बघा. तिन्ही एकदम सुरू झाल्या, तर ते तुमच्या हातून झालेलं नाही.

आपल्या वेळेनुसार पाचला दहा कमी असताना सुरू झालेला बिघाड मुख्यतः रात्री आठला मिटला. शेवटचं सगळं सुरळीत व्हायला साडेदहा वाजून गेले.

यासारखं दिसणारं, पण हे नसलेलं

एकाच वेळी अनेक साइट पडल्या म्हणजे सीडीएनच, असंही नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका क्लाउड विभागात गडबड झाली आणि कितीतरी ॲप अडकली. तिथे दारावरचा माणूस जागेवर होता, मागचं कोठार बंद होतं. अशा वेळी मुखपृष्ठ छान उघडतं, पण लॉगिन होत नाही, यादी येत नाही. सीडीएन पडतो तेव्हा बहुतेकदा दारातच अडतं. आणि सगळ्याच साइटना `DNS_PROBE` असं काही येत असेल, तर तुमच्या नेट कंपनीची पत्ता शोधून देणारी सेवा रुसली असण्याची शक्यता जास्त.

ओळखलं, आता काय करायचं

काहीही काढून टाकू नका, पासवर्ड बदलू नका, कुकीज पुसू नका. कुकीज पुसल्या तर चालू लॉगिन जातं आणि परत आत शिरायला ओटीपीची तपासणी लागते, जी कदाचित त्याच पडलेल्या सीडीएनमागे असते. पैसे भरताना पान अडकलं असेल तर पुन्हा 'पे' दाबण्याआधी बँकेचा एसएमएस किंवा खात्याची नोंद बघा. विनंती आत पोहोचून फक्त उत्तर वाटेत मेलेलं असू शकतं. आणि "प्रमाणपत्र चुकीचं आहे, तरी पुढे जायचं का" असा इशारा आला तर घाईत 'हो' म्हणू नका, सीडीएन पडल्यामुळे तो सहसा येत नाही.

ज्यांचं काम मिनिटांवर चालतं त्यांनी दुसरा दरवाजा आधीच बघून ठेवावा. ५ डिसेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर पुन्हा सुमारे २५ मिनिटं अडखळलं. आपल्याकडे तेव्हा दुपारचे सव्वादोन, म्हणजे शेअर बाजार चालू. झिरोधा आणि ग्रो यांच्या ग्राहकांना फटका बसला. झिरोधाने लोकांना व्हॉट्सॲपवरची पर्यायी सोय वापरायला सांगितलं. ती सोय आधीपासून होती, पण ऐन वेळी ती शोधणाऱ्याची आणि आधी सुरू करून ठेवलेल्याची गोष्ट वेगळी.

तुमची स्वतःची साइट सीडीएनमागे असेल, तर "प्रॉक्सी बंद करून थेट सर्व्हरवर वळवू" हा विचार येईलच. १८ नोव्हेंबरला अनेकांना ते करण्यासाठी डॅशबोर्डमध्ये लॉगिनच करता येत नव्हतं. आणि करता आलं तरी सर्व्हरचा खरा पत्ता उघडा पडतो, एरवी सीडीएन पेलत असलेली गर्दी थेट अंगावर येते. लहान सर्व्हर त्यात झोपतो. अर्ध्या तासात मिटेल असं वाटत असेल तर मी तरी हात लावणार नाही.

सुरू झाल्यावरही लगेच महत्त्वाचं काम टाकू नका. खोळंबलेली मंडळी एकदम आत शिरते. त्या संध्याकाळीही मुख्य बिघाड मिटल्यावर लॉगिनच्या गर्दीने क्लाउडफ्लेअरचा डॅशबोर्ड पुन्हा मंदावला होता. मी बहिणीला सांगितलं, जेवून घे, मग बघ. साडेनऊला तिने पत्रक पाठवलं. त्यात तारीख चुकली होती, ती मात्र तिचीच चूक.